पॅकेज तीन लाख साठ हजार, हातात बावीस

ऑफर लेटरवरचा आकडा घरात सगळ्यात आधी बाराने भागला जातो. तीन लाख साठ हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला तीस हजार. हे तीस हजार मग मामाकडे जातात, काकाकडे जातात, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत पोचतात. पुण्याची बस धरण्याआधीच पोरगा गावभर ‘तीस हजारवाला’ होऊन बसतो. भागाकारात चूक नसते. चूक असते ती ज्या आकड्याला भागलं त्याच्यात. लहान गावातून मोठ्या शहरात नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या अडचणी मी जेवढ्या जवळून पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच या एका आकड्यापाशी सुरू होतात. पैशाची ओढाताण त्यातूनच येते. एकटेपणा आणि ऑफिसात तोंड न उघडणं यांचाही त्याच्याशी वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध असतो.

उदाहरणासाठी जिंतूरहून हिंजवडीला आलेला एक मुलगा घेऊ. तो कुणी एक माणूस नाही. वाकड, मारुंजी, माण या भागांत चार-चार जणांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या अनेकांचे आकडे आणि अनुभव गोळा करून मी तो उभा केला आहे.

त्याचं पॅकेज, म्हणजे सीटीसी, ३ लाख ६० हजार. कंपनी त्याच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करणार, याचा हा आकडा. त्याला मिळणारा पगार वेगळा. तो आकडा उलगडला की काय होतं ते पाहू. महिन्याच्या तीस हजारांत मूळ वेतन, म्हणजे बेसिक, १५ हजार. बेसिकच्या बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये, कंपनी त्याच्या भविष्य निर्वाह निधीत भरते आणि तेही सीटीसीतच मोजते. ग्रॅच्युइटीपोटी साधारण ७२० रुपये धरलेले असतात, पण कायम नोकरीत ती हातात पडायला पाच वर्षं एका जागी काढावी लागतात. गटविम्याचा हप्ता पाचशेच्या आसपास. आणि दहा टक्के, म्हणजे तीन हजार, ‘व्हेरिएबल’. ते कंपनीचं वर्ष कसं गेलं आणि याचं काम कसं झालं यावर ठरणार, तिमाहीला किंवा वर्षअखेरीला मिळणार, कधी निम्मंच मिळणार. इथेच सहा हजार गेले. उरलेल्या चोवीस हजारांतून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ कापला जातो, आणखी १,८००. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. (महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना तो माफ आहे, त्यामुळे याच पॅकेजवर आलेल्या मुलीचे दोनशे वाचतात.) प्राप्तिकर या पगाराला लागत नाही. सगळी वजाबाकी झाल्यावर खात्यात पडतात बावीस हजारांच्या थोडे आत.

पीएफ हे काही गेलेले पैसे नाहीत. कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो, बाकीचं त्याच्या नावावर साठत राहतं. पण ते ऑगस्टच्या भाड्याला उपयोगी पडत नाहीत, आणि आपला प्रश्न ऑगस्टच्या भाड्याचा आहे.

खरं तर प्रश्न ऑगस्टच्याही आधी सुरू होतो. या मुलाला २४ जूनला रुजू व्हायला सांगितलं. त्या कंपनीत पगाराची यादी दर महिन्याच्या वीस तारखेला बंद होते. वीसनंतर आलेल्यांचे त्या महिन्यातले दिवस पुढच्या पगारात जोडून मिळतात. म्हणजे जूनचे सात दिवस आणि जुलै असा एकत्र पगार ३१ जुलैला. मधले पाच आठवड्यांहून जास्त दिवस पैसे फक्त जाणार, येणार नाहीत. एचआरला ऑफर स्वीकारतानाच विचारायचा पहिला प्रश्न हा आहे: पगाराची कटऑफ तारीख कोणती, आणि मला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुजू होता येईल का? अनेक ठिकाणी तारीख आठवडाभर मागेपुढे करून देतात. विचारलं म्हणून ऑफर काढून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण नोकरी मिळाल्याच्या आनंदात, आणि ‘कुठे त्यांना नाराज करा’ या धास्तीत, कुणी विचारत नाही.

त्या पाच आठवड्यांचा हिशेब असा. मारुंजीतला टू बीएचके, भाडं २४ हजार, राहणारे चौघे, म्हणजे माणशी सहा. डिपॉझिट साठ हजार, त्यातला याचा वाटा पंधरा. जूनच्या सात दिवसांचे आणि जुलैचे मिळून भाडं ७,४००. मेसचे दोन वेळचे डबे साडेचार हजारांचे. गादी, उशी, बादली, चादरी, कुलूप असलं सामान तीन हजारांचं. वीज, गॅस, वायफाय यांचा हजार. येण्याजाण्याचे दोन हजार. दोन फॉर्मल शर्ट, पॅन्ट आणि बूट चार हजार. चहा, नाष्टा, मोबाइल आणि किरकोळ मिळून तीन. बेरीज चाळीस हजारांना टेकते. घरात कुणी हा हिशेब आधी मांडलेला नसतो. वडिलांनी पंचवीस हजार हातावर ठेवलेले असतात आणि त्यांच्या मते ते भरपूर असतात. दोन महिन्यांत परत येतील असंही त्यांनी मनात धरलेलं असतं, कारण पोराला तीस हजार पगार आहे.

खड्डा पंधरा हजारांचा. इथे मुलगा घरी फोन करत नाही. फोनवरच्या अॅपवरून तीन महिन्यांचं कर्ज घेतो. अॅपवर लिहिलेलं असतं ‘फक्त तीन टक्के महिना’. गावाकडे सावकाराचे तीन टक्के ऐकलेले असतात, तेव्हा दरात काही वावगं वाटत नाही. पण समजा, पाच टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी आधीच कापला, तर हातात येतात १४,११५ रुपये. हप्ता मात्र पुऱ्या पंधरा हजारांवर बसतो, ५,३०३ रुपयांचा, तीन वेळा. जे मिळालं आणि जे फेडलं ते समोरासमोर ठेवलं, तर व्याज महिन्याला तीन नाही, सहा टक्क्यांच्या वर पडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देण्याआधी एक तक्ता दाखवावा लागतो. त्यात फीसकट वार्षिक दर लिहिलेला असतो. तेवढा एकच आकडा पाहायचा असतो. पण मोबाइलवर ‘आय अॅग्री’ दाबताना तो तक्ता कोण उघडून पाहतं?

डिपॉझिटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठी रक्कम तीच आणि सगळ्यात ढिसाळ व्यवहारही तोच. या मुलाने फ्लॅट नव्याने घेतला नाही. चौघांतला एक जण बंगळूरला गेला, त्याच्या जागी हा आला. अशा वेळी घरमालकाकडे काहीच जात नाही. येणारा जाणाऱ्याला पंधरा हजार देतो आणि जाणारा किल्ली ठेवून निघून जातो. करारावर नावं असतात जुन्या दोघांची, त्यातला एकही आता तिथे राहत नसेल. पंधरा हजार रुपये दिल्याचा पुरावा म्हणाल तर काही नाही. उद्या मालकाने रंगरंगोटीचे वीस हजार कापले, किंवा करार संपल्यावर डिपॉझिट करारावरच्या माणसाच्या खात्यात टाकलं, तर याने कुणाकडे मागायचं?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. तरीही एकेक मुलगा बदलला की नवा करार कुणी करत नाही, हे वास्तव आहे. मग निदान एवढं करावं. पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत आणि कशाचे आहेत ते त्यात लिहावं. जाणाऱ्याने, येणाऱ्याने आणि मालकाने असलेल्या एका व्हॉट्सअॅप गटात ‘अमुकच्या जागी अमुक राहायला आला, डिपॉझिटमधले पंधरा हजार आता याचे’ असा मजकूर टाकून मालकाचं ‘ओके’ घ्यावं. पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीत आपलं नाव घालायला लावावं. आणि जाणारा असताना, त्याच्यासमोर, भिंतींचे, नळांचे, गिझरचे फोटो काढून त्याच गटात टाकावेत. या सगळ्याला अर्धा तास पुरतो.

पहिल्या महिन्यात डिपॉझिटच टाळायचं असेल तर पीजीत कॉट घेणं जास्त शहाणपणाचं. भाडं हजार-दोन हजारांनी जास्त पडेल, पण तिथे बहुतेक एखाद्या महिन्याचंच डिपॉझिट मागतात. ऑफिस नेमकं कुठल्या फेजला आहे आणि भूमकर चौकातली संध्याकाळ काय चीज आहे, हे कळल्यावर मग घर बघता येतं. नकाशात चार किलोमीटर दिसलेलं अंतर हिंजवडीत सहा वाजता तासभर खातं. हे जिंतूरात बसून कळण्यासारखं नाही.

आता ऑगस्टपासूनचा महिना. बावीस हजार आले. भाडं सहा, वीज-गॅस-वायफायचा वाटा नऊशे, मेस छत्तीसशे, नाष्टा-चहा आणि मेस बंद असतानाचं जेवण अठराशे, प्रवास दीड हजार, मोबाइल तीनशे, साबण-धुणं-केस कापणं सहाशे. दीड महिन्याने एकदा गावी जायचं धरलं तर येण्याजाण्याचे महिन्याला बाराशे बाजूला पडतात. झाले १५,९००. उरले सहा हजार शंभर. हिशेब वाईट नाही. यातले काही घरी, काही बाजूला, असं करत वर्षभरात दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक जमू शकते. पण आपल्या मुलाच्या सहा हजार शंभरातून ५,३०३चा हप्ता जातो. महिन्याच्या मौजेला उरतात आठशे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तिन्ही महिने.

आणि नेमक्या याच तीन महिन्यांत टीम त्याला ओळखू लागणार असते. शुक्रवारी कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचं प्रमोशन, कुणाचा निरोप. टीम लंचला माणशी पाचशे-सहाशे. पहिल्या वेळी तो ‘पोट बरं नाही’ म्हणतो. दुसऱ्या वेळी ‘उपवास’. तिसऱ्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. याला आवडत नाही असा त्यांनी सरळ अर्थ काढलेला असतो. घरीही खरं सांगायची सोय नाही. ‘तीस हजारात भागत नाही?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मुळापासून सीटीसी समजावून सांगावी लागेल, आणि एवढे दिवस का बोलला नाहीस तेही. तो रोज रात्री नऊला फोन करतो. आई विचारते, ‘जेवलास का? काय करायलास?’ तो म्हणतो, जेवलो, मजेत आहे. पैशाची अडचण एकट्याने झाकायची ठरली की माणूस आपोआप एकटा पडतो, त्यासाठी शहराने वेगळं काही करावं लागत नाही.

म्हणून मी अशा मुलामुलींना सांगतो, पहिली पगारपावती आली की ती वडिलांना पाठवा. नुसता आकडा सांगू नका, पावतीच पाठवा, आणि फोनवर एकेक ओळ वाचून दाखवा. शेतीचा किंवा दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला कपात म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. बाजारात सोयाबीन विकल्यावर हमाली-तोलाई वजा होऊन हातात काय येतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. बहुतेक वडील पावती पाहून रागावत नाहीत. ‘मग आधी का नाही सांगितलंस’ एवढंच म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात पैसे पाठवायची घाई करू नको म्हणतात.

एकटेपणाची वेळ ठरलेली असते, रविवार संध्याकाळ. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट होते, श्रीखंड किंवा गुलाबजाम असतो, सगळे तुडुंब जेवून झोपतात. पाच वाजता जाग येते तेव्हा फ्लॅटमध्ये कुणी नसतं. एक जण गावी गेलेला, एकाची रात्रपाळी, एक मैत्रिणीबरोबर बाहेर. जिंतूरात असता तर याच वेळी तो कुठलाही बेत न आखता घराबाहेर पडला असता आणि चौकापर्यंत पोचेस्तोवर चार माणसं भेटली असती. इथे चार माणसांना भेटायचं तर चार दिवस आधी ठरवावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं आणि नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते. गावात मैत्री कमवावी लागली नव्हती. शाळा, गल्ली, गणपती, क्रिकेट यांनी ती आपसूक दिली होती. ती कशी करतात हे या मुलाने कधी शिकलेलंच नाही, कारण कधी गरजच पडली नव्हती.

मैत्रीला किती वेळ लागतो, हे कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी तपासलं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नुकतंच गाव बदललेल्या माणसांना, नव्याने भेटलेल्या एखाद्या व्यक्तीबरोबर किती तास घालवले आणि नातं कुठवर आलं, हे विचारलं होतं. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण पन्नास तास, मित्र म्हणावं इतकं व्हायला नव्वद, आणि जवळचा मित्र व्हायला दोनशेच्या वर, असा त्यांचा अंदाज निघाला. अभ्यास अमेरिकेतला आहे. आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण त्यातली एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते: शेजारी बसून नुसतं काम करण्याचे तास फारसे धरले जात नाहीत. त्यामुळे रोज नऊ तास ऑफिसात माणसांत बसूनही सहा महिन्यांनी मित्र एकही नाही, याचं नवल वाटायला नको. आणि महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या कुणाशी मैत्री व्हायची तर पन्नास तासांना दोन वर्षं लागतील.

या हिशेबाने पाहिलं तर उपाय बराच बदलतो. ‘लोकांत मिसळ’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याच माणसांना, त्याच जागी, पुन्हा पुन्हा भेटता येईल आणि ज्याला फार पैसे पडत नाहीत, असं काहीतरी शोधायला हवं. पुण्यात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ढोल-ताशा पथक. गणपतीच्या दोन-एक महिने आधी सराव सुरू होतो. आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी दोन-दोन तास, तीच माणसं. शिकवणारा असतो, चुकलं तर ओरडणारा असतो, सराव संपल्यावर टपरीवर वडापाव असतो. स्वतःची ओळख करून द्यायला इंग्रजी लागत नाही, ठेका चुकला नाही म्हणजे झालं. जुलैत येणाऱ्या मुलाला तर मुहूर्तच साधलेला असतो. विसर्जनापर्यंत पन्नास तास सहज भरतात. ढोलाचा आवाज ज्याला सोसत नाही त्याने दर रविवारी पहाटे ठरलेल्या गटाबरोबर सिंहगड चढावा, सोसायटीत रात्री बॅडमिंटन खेळावं, वाचनालयात जावं. जिम या कामी फारशी उपयोगी नाही. तिथे सगळ्यांच्या कानांत हेडफोन असतात.

फ्लॅटमधल्या चौघांचंही असंच. पाळ्या वेगवेगळ्या असल्या की चौघे महिनोन्‌महिने एकमेकांचे फक्त बूट पाहतात. मेस बंद असलेली ती रविवार संध्याकाळ यासाठी वापरता येते. मी पाहिलेल्या एका फ्लॅटमध्ये नियम होता की रविवारी रात्री जे कुणी घरात असतील त्यांनी मिळून खिचडी करायची. सोलापूरच्या पोराने शेंगदाण्याची चटणी आणायची, जळगावच्याने पापड. खर्च माणशी पन्नास रुपये, आणि बाहेरच्या जेवणाचे दोनशे वाचत.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवडे झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, कामावर जाणं नकोसं झालंय, तर तो एकटेपणा म्हणून सोडून देऊ नये आणि ढोल वाजवून तो जाईल अशी आशाही करू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडेही थांबू नये. तेव्हाच फोन लावावा आणि खोलीतल्या कुणाला तरी उठवून सांगावं.

राहिला ऑफिसातला आत्मविश्वास. हा मुलगा कोडिंगमध्ये कच्चा नाही. कॉलेजात पहिल्या दहात होता. त्याची पंचाईत रोज सकाळी पंधरा मिनिटं होते, स्टँड-अप नावाच्या बैठकीत. तिथे प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, एवढं सांगायचं असतं. पहिल्या दोन प्रश्नांना तो कसंबसं उत्तर देतो. तिसऱ्याला रोज ‘नो इश्यूज’ म्हणतो.

एकदा त्याला टेस्ट सर्व्हरवर जाऊन एक दोष तपासायचं काम मिळालं. लॉगिन होईना. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून तो दोन दिवस धडपडत राहिला. पासवर्ड बदलला, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, यूट्यूब पाहिलं. तिसऱ्या दिवशी सिनिअरने सहज विचारल्यावर कळलं की त्याला त्या सर्व्हरची परवानगीच दिलेली नव्हती. ती एका विनंतीवर, लीडच्या मंजुरीने, अर्ध्या दिवसात मिळते. सिनिअर चिडली. लॉगिन न झाल्याचं तिला काही वाटलं नाही. दोन दिवस ‘नो इश्यूज’ ऐकत राहिल्याचा तिला राग आला. तिने त्या भरवशावर पुढच्यांना तारीख सांगितली होती. नवख्याला काही येत नाही हे ऑफिसात सगळे धरूनच चालतात. अडल्याचं तो कळवत नाही, ही गोष्ट मात्र लक्षात राहते आणि सहा महिन्यांनी प्रोबेशनच्या आढाव्यात कागदावर येते.

हे गप्प बसणं येतं कुठून? वर्गात ‘सर, कळलं नाही’ म्हटल्यावर मिळालेली उत्तरं आठवून पाहावीत. प्रश्न विचारणं म्हणजे अभ्यास न केल्याची कबुली, हे आपल्या शाळांनी बारा वर्षं शिकवलेलं असतं. ते काढायला एक ठोक नियम बरा पडतो: एक तास स्वतः प्रयत्न करायचा, मग विचारायचं, आणि विचारताना काय काय करून पाहिलं ते सांगायचं. वरच्या प्रसंगात सकाळी अकरा वाजता टीमच्या चॅटवर एवढंच लिहायला हवं होतं: आय अॅम नॉट एबल टू लॉगिन टू द टेस्ट सर्व्हर. आय चेक्ड माय पासवर्ड अँड व्हीपीएन. डू आय नीड अॅक्सेस? हू कॅन अप्रूव्ह इट? यात एकही अवघड शब्द नाही. दहावीचं इंग्रजी पुरतं.

बोलण्याची भीती असलेल्याला लेखी बाजू मोठा आधार देते, आणि तिचा उपयोग फार कमी जण करतात. स्टँड-अपच्या आधी पाच मिनिटं बसून तीन वाक्यं वहीत लिहावीत आणि पहिला महिना चक्क वाचून दाखवावीत. कॅमेरा बहुतेक बंदच असतो. कॉलवर कुणी भराभर काही सांगितलं आणि निम्मंच कळलं, तर लगेच दोन ओळींचा मेल टाकावा की मला असं असं समजलं, चुकलं असेल तर सांगा. समोरच्याला वाटतं पोरगा काटेकोर आहे. आणि चूक असेल तर ती दोन दिवसांनी कळण्याऐवजी पाच मिनिटांत कळते.

इंग्रजीचं ओझं तरी सगळे मान्य करतात. मराठीचं कुणी बोलत नाही. या मुलाने पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये ‘मी जेवायलोय, तुम्ही व्हा पुढं’ म्हटलं आणि टेबलावरचे दोघे हसले. हसण्यात खोच नव्हती, पण त्यानंतर तो मराठीतही तोलून-मापून, पुस्तकी बोलू लागला. जिथे तो मोकळा झाला असता ती जागाही गेली. त्याच्या टीममधला गुंटूरचा मुलगा त्याच्यापेक्षा मोडकं इंग्रजी बोलतो, पण बोलतो. त्याच्या भाषेला इथे कुणी नावं ठेवू शकत नाही, कारण ती इथे कुणाला येतच नाही. आपल्या मुलाला हसणारे मात्र त्याचीच भाषा बोलणारे निघाले. यावर मुलाने काय करावं यापेक्षा त्या टेबलावरच्या दोघांनी काय करावं, हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो.

तसंच पैशाचं. बावीस हजारांत भागवायचं कसं हे आपण सांगतो, पण मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्यांचं पॅकेज दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्याच आसपास घुटमळतंय आणि त्या काळात हिंजवडीच्या आसपासची भाडी कुठल्या कुठे गेली, हेही त्याच दमात सांगायला हवं. हिशेब काटेकोर ठेवून ही तफावत मिटत नाही. ती मिटते बहुधा नोकरी बदलल्यावर, दीड-दोन वर्षांच्या अनुभवानंतर.

त्या बदलाची तयारी पहिल्याच वर्षी सुरू होते. नोटीस पिरिअड अनेक ठिकाणी साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. नव्या कंपनीला माणूस महिन्यात हवा असतो, आणि ती तारीख जुळवताना कधी स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागते. त्यासाठी दोन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आधी हवी. हप्ते संपल्यावर नोव्हेंबरपासून दरमहा तीन हजार बाजूला पडले, तर ती पुढच्या सप्टेंबरपर्यंत जमते. पीएफ काढून घेण्यापेक्षा त्याच यूएएन क्रमांकावर नव्या खात्यात वळवावा, म्हणजे नोकरीची वर्षं सलग मोजली जातात. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत जुन्या एचआरशी गोडीने राहावं. आणि मारुंजीचे ते पंधरा हजार त्याच्या जागी येणाऱ्या मुलाकडून घेताना व्हॉट्सअॅपच्या गटात मालकाचं ‘ओके’ आठवणीने घ्यावं, या वेळी त्या मुलाच्या नावावर.